युटिलायझेशन काढताना छेद कुठून घ्यायचा?

प्रश्न: आमच्या छोट्या कन्सल्टन्सीत एकाच महिन्याचं युटिलायझेशन तिघांनी काढलं. टाइमशीट तीच. माझं पन्नासच्या आसपास आलं, अकाउंट्सचं साठच्या आसपास आणि डिलिव्हरी मॅनेजरचं ऐंशीच्या वर. बिलेबल तास भागिले उपलब्ध तास, एवढंच तर गणित आहे. मग एवढा फरक कसा पडतो आणि धरायचं कोणाचं?

उत्तर:

अंशाबद्दल तुमचं फारसं दुमत नसणार. क्लायंटच्या कामावर टाकलेले तास टाइमशीटमध्ये सरळ दिसतात. फरक पडतो तो छेदात. सगळ्यांचे सगळे कामाचे दिवस, टाइमशीटवर प्रत्यक्ष भरलेले तास आणि "ज्यांनी प्रोजेक्टवर असायला हवं" त्यांचेच तास, असे तीन छेद तिघांनी घेतले असावेत. माझं मत स्पष्ट आहे: महिन्याचं युटिलायझेशन काढताना छेद कॅलेंडर आणि नेमणुकीच्या करारावरून घ्यावा, माणूस निहाय काढावा, सुट्ट्या आणि रजा वजा कराव्यात आणि पगारावर असलेल्या एकाही सल्लागाराला त्यातून गाळू नये. टाइमशीटवरून फक्त अंश घ्यायचा.

तुमची टाइमशीट माझ्यासमोर नाही, म्हणून सहा जणांची नमुन्याची टीम घेतो. तिच्यात नेमके तुमच्यासारखे तीन आकडे येतात आणि ते का येतात तेही दिसतं.

महिना ३० दिवसांचा, १ तारखेला सोमवार. म्हणजे सोमवार ते शुक्रवार धरून २२ दिवस. ८ तारखेला, सोमवारी, एक सार्वजनिक सुट्टी. उरले २१ दिवस. करारात रोजचे ८ तास, त्यामुळे पूर्णवेळ माणसाचे सुट्टी वजा करून १६८ तास. आता एकेक माणूस घेऊ.

पहिले प्रिन्सिपल. महिनाभर हजर, रजा नाही, उपलब्ध १६८. क्लायंटला लावलेले ६० तास, बाकी वेळ प्रपोजल, मुलाखती आणि नव्या क्लायंटच्या भेटी यांत.

दुसऱ्या सीनियर सल्लागार. ५ दिवस रजेवर, म्हणून १६८ मधून ४० वजा, उपलब्ध १२८. बिलेबल ११२.

तिसरे सीनियर सल्लागार. रजा नाही, उपलब्ध १६८, पण बिलेबल १८४. संध्याकाळी उशिरापर्यंत आणि एखाद्या शनिवारी काम केलंय.

चौथ्या सल्लागार अर्धवेळ आहेत: सोमवार, मंगळवार, बुधवार. इथे पुष्कळ जण आठवड्याच्या पाच दिवसांपैकी तीन म्हणून २१ दिवसांना ०.६ ने गुणतात आणि १००.८ तास काढतात. या महिन्यात पाच सोमवार, पाच मंगळवार आणि चार बुधवार आहेत, त्यातला एक सोमवार सुट्टीचा. म्हणजे १३ दिवस, १०४ तास. फरक किरकोळ वाटतो, पण अर्धवेळ माणसं चार-पाच असली आणि सुट्ट्या सोमवारीच पडत असल्या की आकडा महिन्यागणिक उगाच हलतो. दिवस मोजावेत, गुणक लावू नये. बिलेबल ८८.

पाचवा ज्युनियर १५ तारखेला रुजू झाला. १५ पासून महिनाअखेर १२ कामाचे दिवस, उपलब्ध ९६. पहिला आठवडा ओळख आणि प्रशिक्षणात गेला, बिलेबल २४.

सहाव्या सल्लागाराचा प्रोजेक्ट महिन्याच्या मध्यात संपला आणि पुढचा अजून मिळाला नाही. एक दिवस रजा, उपलब्ध १६०, बिलेबल ६४.

| सल्लागार | उपलब्ध तास | बिलेबल तास | युटिलायझेशन |
|---|---|---|---|
| प्रिन्सिपल | १६८ | ६० | ३५.७% |
| सीनियर, रजेवर गेलेल्या | १२८ | ११२ | ८७.५% |
| सीनियर, जादा काम केलेले | १६८ | १८४ | १०९.५% |
| अर्धवेळ | १०४ | ८८ | ८४.६% |
| नवीन रुजू | ९६ | २४ | २५.०% |
| बेंचवर | १६० | ६४ | ४०.०% |
| एकूण | ८२४ | ५३२ | ६४.६% |

आता तुमचे तीन आकडे. सहा माणसं गुणिले २२ दिवस गुणिले ८ तास म्हणजे १,०५६. त्यावर ५३२ चे ५०.४% होतात. तुमच्या हिशोबात हेच झालं असणार: सुट्टी, रजा, अर्धवेळ नेमणूक आणि मध्येच रुजू होणं, सगळं दुर्लक्षित. नवीन मुलगा कंपनीत नव्हता त्या पंधरवड्याचे तासही इथे "वाया गेलेले" म्हणून मोजले गेले.

अकाउंट्सनी टाइमशीटची बेरीज घेतली असेल. प्रिन्सिपलनी महिन्यात एकूण १९० तास भरले, तिसऱ्या सीनियरनी २००, बाकीच्यांनी आपापल्या उपलब्ध तासांइतके. बेरीज ८७८, आणि ५३२ भागिले ८७८ म्हणजे ६०.६%.

डिलिव्हरी मॅनेजरनी प्रिन्सिपलना "ते विक्री बघतात" म्हणून आणि बेंचवरच्या सल्लागाराला "त्याला कामच दिलेलं नाही" म्हणून वगळलं असेल. उरलेल्या चौघांचे बिलेबल ४०८, उपलब्ध ४९६, म्हणजे ८२.३%. प्रोजेक्टवर असलेली माणसं किती भरलेली आहेत, या प्रश्नाचं हे खरं उत्तर आहे. पण युटिलायझेशन मोजतात ते मुख्यतः बेंच दिसावा म्हणून, आणि इथे बेंचच छेदातून काढून टाकलाय. या पद्धतीने अर्धी कंपनी रिकामी बसली तरी आकडा ऐंशीच्या वर राहू शकतो.

टाइमशीटची बेरीज छेदात का नको

ही पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते, कारण सॉफ्टवेअरचा तयार रिपोर्ट तसाच येतो. तिच्यात दोन खोट आहेत.

पहिली: जादा मेहनत केली की आकडा पडतो. प्रिन्सिपलनी संध्याकाळी बसून २२ तास जास्त प्रपोजलं लिहिली, तर क्लायंटचं काम एक तासानेही कमी झालं नाही, पण त्या २२ तासांनी छेद वाढवला. हे लोकांच्या लवकर लक्षात येतं आणि मग ते बिलेबल नसलेले जादा तास भरायचंच बंद करतात. विक्रीला आणि अंतर्गत कामाला खरोखर किती वेळ जातो ही माहिती कायमची गमावली जाते.

दुसरी जास्त घातक आहे. बेंचवरच्या सल्लागाराने या महिन्यात टाइमशीट भरलीच नाही असं समजा. त्याचे ६४ बिलेबल तास अंशातून गेले आणि १६० तास छेदातून. उरलं ४६८ भागिले ७१८, म्हणजे ६५.२%. एका माणसाची नोंद गायब आणि आकडा ६०.६ वरून ६५.२ वर चढला! कॅलेंडरचा छेद असता तर ४६८ भागिले ८२४, म्हणजे ५६.८% आलं असतं. आकडा घसरला की कोणीतरी विचारतं, "हे काय झालं?" आणि राहिलेली टाइमशीट त्याच दिवशी सापडते. चुकीची नोंद वाईट बाजूला दिसावी, चांगल्या बाजूला लपू नये. कॅलेंडरचा छेद वापरण्याचं माझ्या दृष्टीने हे सगळ्यात भक्कम कारण आहे.

एक्सेलमध्ये हा छेद काढायला विशेष काही लागत नाही. प्रत्येक माणसाची एक ओळ, त्या महिन्यातली त्याची पहिली आणि शेवटची तारीख (१५ ला रुजू झाला तर १५), सुट्ट्यांची वेगळी यादी आणि रजेचे तास:

```
=NETWORKDAYS(B2,C2,Holidays)*8-D2
=NETWORKDAYS.INTL(B5,C5,"0001111",Holidays)*8-D5
=SUM(F2:F7)/SUM(E2:E7)
```

पहिलं सूत्र पूर्णवेळ माणसासाठी. दुसऱ्यातली "0001111" ही मालिका सोमवारपासून सुरू होते; 0 म्हणजे कामाचा दिवस, 1 म्हणजे सुट्टीचा. इथे फक्त सोमवार ते बुधवार कामाचे धरले आहेत. Holidays हे सुट्ट्यांच्या रकान्याला दिलेलं नाव. D रकान्यात रजेचे तास, E मध्ये उपलब्ध तास, F मध्ये बिलेबल. रजा एचआरच्या नोंदीतून घ्यावी, टाइमशीटवरून नको. टाइमशीट भरायची राहिली की रजाही राहते.

तिसरं सूत्र मुद्दाम दिलंय. टीमचा आकडा काढताना आधी बेरजा, मग भागाकार. सहा जणांच्या टक्केवारीची सरासरी घेतली तर या उदाहरणात ६३.७ येते, म्हणजे जेमतेम एका टक्क्याचा फरक. पण त्या सरासरीत ९६ तासांच्या माणसाला १६८ तासांच्या माणसाएवढंच वजन मिळतं. अर्धवेळ किंवा महिन्याच्या शेवटी रुजू झालेली माणसं वाढली की ती सरासरी कुठेही जाऊ शकते.

रोजचे तास किती धरायचे यावरही वाद होतात. करारात असतील ते धरा. करारात साडेसात तास आणि क्लायंटला लावायचा "दिवस" आठ तासांचा असेल, तर दिवसभर प्रोजेक्टवर असलेला माणूस आपोआप १०६.७% दाखवेल. अशा वेळी दोन्हीकडे तासच मोजायचे, दिवस नव्हे.

रजा वजा करायची की नाही

दोन्ही पद्धती रास्त आहेत, पण त्या वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात आणि घोळ होतो तो त्या एकत्र झाल्या की.

माणसांच्या वेळेचा वापर नीट होतोय का हे दर महिन्याला पाहायचं असेल तर रजा वजा करा. नाहीतर सुट्ट्यांच्या मोसमात सगळ्यांचं युटिलायझेशन कोसळतं आणि त्यावर कोणी काही करूही शकत नाही. शिवाय आकडा खराब होऊ नये म्हणून माणसं रजा टाळायला लागतात.

दर ठरवायचे असतील, वार्षिक बजेट बांधायचं असेल, तर रजा वजा न केलेला छेद लागतो, कारण पगार रजेच्या दिवसांचाही द्यावा लागतो. वर्षात साधारण २६० कामाचे दिवस, आठ तासांनी २,०८० तास. समजा १० सार्वजनिक सुट्ट्या, २० दिवस रजा आणि आजारपणाचे ५ दिवस वजा केले, तर उरतात २२५ दिवस, १,८०० तास.

आता बजेटमध्ये कोणीतरी "७५ टक्के युटिलायझेशन" असं लिहितं. १,८०० च्या ७५% म्हणजे १,३५० तास. २,०८० च्या ७५% म्हणजे १,५६०. माणशी २१० तासांचा फरक, म्हणजे २६ पूर्ण दिवस. सहा माणसांना १,२६० तास. दर ठरवताना १,५६० धरले आणि महिन्याचा रिपोर्ट मात्र १,८०० च्या हिशोबाने चालला, तर दर महिन्याला "टार्गेट गाठलं" असं दिसत राहील आणि वर्षअखेर ठरवलेल्या कमाईचा जवळजवळ सातवा-आठवा हिस्सा सापडणारच नाही. म्हणून टार्गेट कधीही नुसत्या टक्क्यांत लिहू नका. "वर्षाला माणशी १,३५० बिलेबल तास, म्हणजे रजा वजा केलेल्या छेदावर ७५% आणि पूर्ण छेदावर ६४.९%" असं एका ओळीत लिहा. तास लिहिले की छेदाबद्दल शंका उरत नाही.

१०९.५ टक्क्यांचा माणूस

तक्त्यात सगळ्यात उजवा दिसतो तो तिसरा सीनियर. रिव्ह्यूमध्ये त्याचं कौतुक होईल. थोडं जवळून पाहू.

त्याचं काम ठरावीक रकमेचं आहे, तासाच्या दराने नाही. रक्कम ठरवताना या महिन्याच्या टप्प्यासाठी १३४ तास धरले होते. लागले १८४. म्हणजे ५० तासांचे पैसे कोणी देणार नाही, तरीही टाइमशीटवर ते तास क्लायंटच्या कोडवर असल्यामुळे बिलेबल म्हणून मोजले गेले. पैसे मिळालेल्या तासांवर मोजलं तर त्याचं युटिलायझेशन १३४ भागिले १६८, म्हणजे ७९.८%. चांगलं आहे, पण शंभराच्या वर नाही.

ठरावीक रकमेच्या कामात युटिलायझेशनची ही मोठी पंचाईत आहे: अंदाज जितका चुकतो तितका आकडा सुधारतो. काम अडकलं, पुन्हा करावं लागलं, क्लायंटने व्याप्ती वाढवली आणि आपण नाही म्हटलं नाही, हे सगळं चांगल्या युटिलायझेशनच्या रूपात वर येतं.

यावर काही जण असे तास अंशातूनच काढून टाकतात. मी तसं करत नाही, कारण माणूस खरोखर गुंतलेला होता. त्याला दुसरं काम देता आलं नसतं. युटिलायझेशन हे माणूस कामात किती गुंतला याचं माप आहे, ते तसंच राहू द्यावं. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा: रिअलायझेशन, म्हणजे पैसे मिळणारे तास भागिले बिलेबल तास. बाकी सगळे तास पूर्ण बिल झाले असं धरलं तर टीमचं रिअलायझेशन ४८२ भागिले ५३२, म्हणजे ९०.६%. आणि दोघांचा गुणाकार, ६४.६% गुणिले ९०.६%, म्हणजे ५८.५%. पगार दिलेल्या, रजा सोडून उरलेल्या दर शंभर तासांपैकी साडेअठ्ठावन्न तासांचे पैसे आले. तासाच्या दरावर चालणाऱ्या कामातही हीच रचना चालते. तिथे इन्व्हॉइस करताना कापलेले किंवा नंतर सोडून दिलेले तास रिअलायझेशनमध्ये उतरतात.

हे दिसण्यासाठी प्रोजेक्ट मॅनेजरकडून दर महिन्याला एकच गोष्ट मागायची: काम पुरं व्हायला अजून किती तास लागतील. "किती टक्के झालं" असं विचारू नये; त्याचं उत्तर बजेटचे किती तास संपले यावरूनच दिलं जातं आणि शेवटच्या महिन्यापर्यंत सगळं वेळेत असल्यासारखं वाटतं.

राहिला जादा तासांचा प्रश्न. काही कंपन्या व्यक्तीचा आकडा १००% वर अडवतात. तसं केलं तर इथे अंश ५१६ होतो आणि युटिलायझेशन ६२.६%. मी मुख्य आकडा अडवत नाही, पण उपलब्ध तासांपेक्षा जास्त झालेले बिलेबल तास वेगळ्या ओळीत दाखवतो, इथे १६. कारण त्याचे १६ तास आणि बेंचवरच्याचे १६ रिकामे तास बेरजेत एकमेकांना खाऊन टाकतात. एकाच महिन्यात एक जण शंभराच्या वर आणि दुसरा चाळिशीत असेल तर आधी कामाच्या वाटपाकडे बघायचं. काम वाटून देण्यासारखं नसेल, उदाहरणार्थ दोघांची कौशल्यं वेगळी असतील, तर तेही त्याच वेळी स्पष्ट होतं आणि मग प्रश्न भरतीचा किंवा प्रशिक्षणाचा होतो.

टार्गेटशी तुलना करताना

"आमचं टार्गेट ८०%" असं सरसकट लिहून त्याच्याशी ६४.६ ची तुलना केली, तर तूट पंधरा टक्क्यांहून जास्त दिसते. पण प्रिन्सिपलकडून ८०% ची अपेक्षाच नाही. त्यांनी तेवढे तास प्रोजेक्टवर घातले तर पुढच्या तिमाहीचं काम आणणार कोण? त्यांना ३५% आणि बाकी पाच जणांना ८०% धरू. टीमचं टार्गेट मग तासांत असं: प्रिन्सिपलचे १६८ च्या ३५% म्हणजे ५८.८, इतरांच्या ६५६ तासांच्या ८०% म्हणजे ५२४.८. बेरीज ५८३.६, आणि ती ८२४ च्या ७०.८%. म्हणजे टीमचं खरं टार्गेट ऐंशी नसून एकाहत्तरच्या आसपास. कुणाच्या रजा किती, कोण नव्याने रुजू झालं यावर ते दर महिन्याला थोडं हलेल, आणि हलायलाच हवं.

मिळाले ५३२, तूट ५१.६ तास. बहुतेक रिपोर्ट इथे थांबतात, पण ही तूट माणूस निहाय फोडल्यावरच काहीतरी हाती लागतं. बेंचवरच्याकडून १२८ अपेक्षित होते, आले ६४, तूट ६४. नवीन मुलाकडून ७६.८ अपेक्षित, आले २४, तूट ५२.८. दोघांची मिळून ११६.८. आणि ती ५१.६ पर्यंत खाली आली ती बाकी चौघांच्या जादा तासांमुळे, त्यातले एकट्या तिसऱ्या सीनियरचे ४९.६. त्याच ४९.६ तासांच्या जागी अंदाज चुकलेले ५० तास आहेत, ज्यांचे पैसे येणार नाहीत. म्हणजे जी भरपाई रिपोर्टमध्ये दिसते, ती बँकेत दिसणार नाही.

नवीन मुलाची तूट काळजीची नाही. ती प्रशिक्षणाची आहे आणि आधीच माहीत होती. तिला छेदातून गाळू नका, पण रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांसाठी कमी टार्गेट लावा, म्हणजे दर वेळी खुलासा द्यावा लागणार नाही. बेंचवरच्याची तूट मात्र पुढच्या महिन्यात दुप्पट होणार आहे, कारण या महिन्यात त्याला निदान पहिल्या पंधरवड्याचं काम होतं. मागच्या महिन्याचं युटिलायझेशन हे सांगत नाही. त्यासाठी हाच तक्ता पुढच्या आठ-दहा आठवड्यांसाठी भरावा: छेद तोच, कॅलेंडरवरचा, आणि अंशात टाइमशीटऐवजी प्रोजेक्टवर पक्के वाटून दिलेले तास. अजून सही न झालेली कामं त्यात मिसळू नयेत, शेजारी वेगळ्या रकान्यात ठेवावीत.

आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी

छेद कितीही नीट काढला तरी अंश टाइमशीटवरूनच येणार, म्हणून थोडी तपासणी करावी लागते. रोज बरोबर ८.० तास, सगळे एकाच कोडवर, आठवड्यामागून आठवडा, असं दिसलं तर ती टाइमशीट शुक्रवारी एकदम, आठवून आठवून भरलेली आहे. असं आठवून भरताना लहान अंतर्गत कामं, फोन, सहकाऱ्याला केलेली मदत हे सगळं मोठ्या प्रोजेक्टच्या कोडवर जातं आणि बिलेबल फुगतं. रोजच्या रोज भरण्याचा नियम कंटाळवाणा वाटतो, पण त्याला पर्याय नाही. अर्ध्या तासाचा टप्पा पुरतो. सहा-सहा मिनिटं मोजायची गरज फक्त तसा करार असेल तरच.

उलटी चूक बजेट संपत आल्यावर होते. प्रोजेक्टचे तास संपले की उरलेलं काम "अंतर्गत" किंवा "प्रशासन" या कोडवर ढकललं जातं, म्हणजे मॅनेजरला प्रोजेक्ट बजेटात दाखवता येतो. प्रोजेक्टच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत त्याच माणसांचे अंतर्गत तास अचानक चढलेले दिसले तर हेच घडतंय. तसंच बोनस थेट वैयक्तिक युटिलायझेशनवर बांधला असेल तर उलट दिशेने ढकलाढकल होईल आणि लोक काम स्वतःकडे धरून ठेवतील, रिकाम्या सहकाऱ्याला देणार नाहीत. वैयक्तिक आकडा बोलायला वापरा, पैसे वाटायला नको.

एकट्या महिन्याच्या आकड्यावर निर्णयही घेऊ नका. छोट्या टीममध्ये एका माणसाचा एक आठवडा इकडेतिकडे झाला की ४० तास हलतात, आणि ८२४ च्या छेदावर ते जवळजवळ पाच टक्के होतात. सलग तीन महिन्यांचे बिलेबल तास एकत्र, उपलब्ध तास एकत्र, मग भागाकार. पुढच्या महिन्याला सगळ्यात जुना महिना काढून नवा घालायचा.

सुरुवात करताना मागचे सहा महिने याच छेदाने पुन्हा काढून घ्या. तिघांनी आतापर्यंत वापरलेले आकडे त्याच तक्त्यात शेजारी ठेवलेत तर जुन्या रिपोर्टांतला कोणता चढ-उतार खरा होता आणि कोणता नुसत्या रजांचा किंवा राहिलेल्या टाइमशीटचा होता, ते तिघांनाही एकत्र बसून पाहता येईल.